दिवसभर धुरकट काच आणि ओंडक्यावर बुरशी: एका बंद टेरॅरियमचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांची ही बरणी त्यांचं नाव घेत नाही, झाडांची कटिंग्ज देवाणघेवाण करता करता ओळख झाली, त्या मला दादा म्हणतात आणि मी त्यांना ताई, तर इथेही ताईच म्हणतो. घरात कुंड्या बऱ्याच आहेत आणि त्या छान सांभाळतात, पण बंद काचेचं टेरॅरियम, म्हणजे झाकणाच्या बरणीत लावलेली छोटी बाग, त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचा बराचसा घोळ त्या कुंडीच्या सवयीतूनच झाला.

बरणी साधारण १० लिटरची, तोंड हात जाईल एवढं, वर काचेचं झाकण आणि त्याला खाली रबराची रिंग, म्हणजे झाकण बसलं की जवळपास हवाबंद. तळाला ३ सेंटीमीटर खडे, त्यावर जाळी, मग कोळशाचे तुकडे, आणि वर कोकोपीट आणि कंपोस्ट निम्मं निम्मं मिसळलेली माती, साधारण २ लिटर. झाडं: दोन फिटोनिया, एक छोटी पेपरोमिया, काचेवर चढणारं क्रीपिंग फिग, एक इचेवेरिया, आणि मधे मॉसचा तुकडा. एका बाजूला हाताच्या पंजाएवढा लाकडाचा ओंडका, बागेत सापडलेला, धुऊन घेतलेला. बरणी पूर्वेच्या खिडकीच्या अगदी कट्ट्यावर.

लावताना त्यांनी अर्धा लिटर पाणी घातलं, कारण कुंडीत झाड लावलं की आपण भरपूर पाणी घालतोच. पण कुंडीला खाली भोक असतं, इथे नाही, इथे घातलेला प्रत्येक थेंब आतच राहतो. त्यानंतर रोज स्प्रेने दहाबारा फवारे. म्हणजे रोजचं साधारण १० मिली धरलं तरी तीन आठवड्यांत अजून २०० मिली. कोकोपीट आणलं तेव्हाच ओलसर होतं ते वेगळंच.

अडचण काय होती

तिसऱ्या आठवड्यात मला फोटो आला. फोटोत झाडं दिसतच नव्हती, चारही बाजूंनी काच पांढरी, मधे एक हिरवा धब्बा. सोबत मेसेज, "दादा आत काय चाललंय तेच कळत नाहीये, रोज पुसते आणि अर्ध्या तासात परत तसंच होतं."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. झाकण उघडल्यावर मातीचा चांगला वास यायला हवा तो नव्हता, कुबट वास होता, पण सडक्या अंड्यासारखा नव्हता. हा फरक महत्त्वाचा. अंड्यासारखा वास आला की समजायचं खाली पाणी साचून हवा पूर्ण संपली आहे आणि तिथली माती वाचवण्यात अर्थ नाही. इथे अजून तिथपर्यंत गेलं नव्हतं.

बुरशी दोन ठिकाणी होती आणि दोन वेगळ्या जातीची होती. ओंडक्यावर पांढरी, कापसासारखी, हात लावला की विरघळल्यासारखी बसणारी. ही नव्या लाकडातलं जे काही खाण्यासारखं असतं ते खाते, जिवंत झाडाला सहसा काही करत नाही, आणि खाणं संपलं की काही आठवड्यांत आपोआप कमी होते. दुसरी होती इचेवेरियाच्या बुंध्याशी आणि एका फिटोनियाच्या खालच्या पानांवर, करड्या रंगाची, केसाळ, आणि जिथे ती होती तिथलं पान तपकिरी होऊन पाण्यासारखं मऊ पडलेलं. ही बॉट्रायटिस सारखी करडी बुरशी, आणि हिची काळजी करायची, कारण ती मेलेल्या पानावर सुरू होते पण शेजारच्या जिवंत पानात शिरते. पान काही तास सलग ओलं राहिलं की तिला तेवढं पुरतं, आणि इथे पानं दिवसरात्र ओली होती.

आणखी एक गोष्ट ताईंनी सांगितली जी मला सगळ्यात जास्त खटकली. एक फिटोनिया आठवड्यापूर्वी मान टाकायला लागली होती, म्हणून त्यांनी तिला जास्त स्प्रे केला. फिटोनियाची ही खोडच आहे, तहान लागली की एकदम लोळण घेते आणि पाणी दिलं की दोन तासांत उभी राहते, त्यामुळे सगळ्यांना सवय लागते की लोळली म्हणजे पाणी द्या. पण मुळं कुजली तरी ती अगदी तश्शीच लोळते, कारण मुळंच पाणी ओढत नाहीत. दिसायला दोन्ही सारखं. फरक मातीत बोट घातलं तरच कळतो, माती ओली आणि झाड लोळलेलं म्हणजे पाणी नाही द्यायचं, काढायचं.

ताईंनी आधी काय करून बघितलं होतं

दोन गोष्टी. रोज टिश्यूने काच आतून पुसणं, आणि आठवडाभर दिवसा झाकण उघडं ठेवणं.

पुसण्याने का काही होत नव्हतं ते मी त्यांच्यासमोरच करून दाखवलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा टिश्यू ठेवला, मग अख्खी काच पुसून तोच टिश्यू परत ठेवला. ३ ग्रॅम वाढले. एवढी पांढरी काच आणि त्यावर सगळं मिळून ३ ग्रॅम पाणी! आणि आतल्या हवेत तर त्याहून कमी, २५ अंशाला हवा पूर्ण दमट झाली तरी एक घनमीटरमधे साधारण २३ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे बरणीतल्या सातआठ लिटर हवेत पाव ग्रॅमसुद्धा नाही. घातलेलं पाणी ७०० च्या आसपास, त्यातलं काचेवर दिसतंय ३. बाकी सगळं मातीत आणि खड्यांत. काच पुसली की माती लगेच परत तेवढं सोडते. ताई काट्याकडे बघून गप्पच झाल्या, कारण पंधरा दिवस त्या रोज हेच करत होत्या.

झाकण उघडं ठेवण्याचा परिणाम वेगळाच झाला होता. वरचा मॉस कडेने कोरडा पडायला लागला होता आणि खालची माती काचेतून बघितली तर काळीकुट्ट ओली. बरणीचं तोंड लहान, आत वारा फिरत नाही, त्यामुळे वरचा एक सेंटीमीटर सुकतो आणि खाली काही पोचत नाही. मग मॉस कोरडा दिसला म्हणून स्प्रे. म्हणजे जे काही उडून जात होतं ते संध्याकाळी परत भरलं जात होतं.

पहिला निर्णय: पाणी जास्त आहे की फक्त तापमानाचा खेळ आहे

धुकं दिसलं म्हणजे पाणी जास्तच आहे असं मी लगेच धरत नाही. बंद बरणीत थोडं धुकं यायलाच पाहिजे, तेच तिचं पाणी फिरवणं आहे. सकाळी खिडकीकडची काच रात्रभर गार पडलेली असते, तिच्यावर बाष्प जमतं, आणि दुपारपर्यंत साफ होतं, असं असेल तर बरणी ठीक आहे. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूची काच गार आहे एवढाच अर्थ, बरणी अर्धी फिरवा, धुकं जर बरणीबरोबर न फिरता परत खिडकीकडेच आलं तर कारण बाहेर आहे.

इथे खिडकी हाही भाग होताच. पूर्वेचं कोवळं ऊन तासभर थेट बरणीवर पडत होतं. बंद काचेत थेट ऊन म्हणजे आतलं तापमान खोलीपेक्षा भराभर वर जातं, माती तापून बाष्प सोडते, आणि ऊन सरकलं की तेच काचेवर बसतं. त्यामुळे फक्त बघून ठरवता येईना.

म्हणून दोन दिवस बरणी खिडकीपासून साधारण एक मीटर आत, उजेड भरपूर पण ऊन नाही अशा जागी ठेवली, झाकण बंद, स्प्रे बंद. आणि एक काडीची टेस्ट. बांबूची काडी काचेच्या कडेने तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवायची आणि बाहेर काढून बघायचं की कुठपर्यंत ओली झाली. ताईंची काडी खालपासून मातीच्या वरच्या थरापर्यंत जवळपास पूर्ण ओली, आणि खालच्या टोकाला तर पाणी टपकत होतं. दोन दिवसांनी काच चारही बाजूंनी तशीच पांढरी, दुपारी दोन वाजतासुद्धा. मग शंका राहिली नाही, ऊन हे भर घालणारं कारण होतं, मूळ कारण पाणी.

खड्यांच्या थराबद्दल इथेच सांगून टाकतो कारण ताईंचा प्रश्न रास्त होता, "खाली खडे घातलेत ना, मग पाणी तिकडे जायला नको का?" जातं, पण माती पूर्ण भिजल्यावरच. कोकोपीटसारखी बारीक माती पाणी स्पंजसारखं धरून ठेवते, आणि खाली मोठ्या फटी असलेले खडे आले की पाणी त्या सीमेवर अडतं, माती भरून ओसंडल्याशिवाय खाली उतरत नाही. तळाच्या खड्यांत पाणी दिसतंय याचा अर्थ माती सुकली नाही, उलट माती गच्च भरून उरलेलं खाली आलंय. त्यात इथे जाळी एका बाजूला सरकलेली, तिथून माती खड्यांत उतरली होती आणि खालचं पाणी वातीसारखं परत वर ओढत होती. खड्यांचा थर म्हणजे चुकून जास्त झालेलं पाणी दिसण्याची आणि साठण्याची जागा, गटार नव्हे.

दुसरा निर्णय: सगळं काढून परत लावायचं की आहे ते दुरुस्त करायचं

इथे आम्ही बराच वेळ घालवला. पर्याय चार होते.

नुसतं झाकण उघडं ठेवून वाट बघणं. याला काही करावं लागत नाही, पण मी आधीच्या एका बरणीचं वजन करून बघितलेलं होतं, अशाच तोंडाची बरणी पूर्ण उघडी ठेवली तर दिवसाला १२ ते १५ ग्रॅम कमी होतात. माझ्या अंदाजाने इथे ३०० मिली पाणी जास्त होतं, म्हणजे तीन आठवडे. तेवढ्यात मॉस मेला असता आणि करडी बुरशी पेपरोमियापर्यंत गेली असती.

बुरशीनाशक फवारणं. ताईंचा ओढा इकडे होता. मी नको म्हटलं. फवारणी म्हणजे परत पाणी, बुरशी मेली तरी पानं ओली राहणार आणि आठवड्यात परत येणार. शिवाय मला पुढे आत स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी खाणारे बारीक जीव, सोडायचे होते, आणि आधी औषध मारून मग त्यांना सोडणं मला पटेना. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच, समोरची बुरशी जाते, पण मातीत जे चांगलं चाललंय तेही जातं, आणि मॉसला डाग पडतात.

सगळं उपसून नव्या मातीत लावणं. खरं तर हा सगळ्यात खात्रीचा उपाय. वास अंड्यासारखा असता तर मी दुसरा विचारच केला नसता. पण क्रीपिंग फिगने काचेला आणि मातीला छान पकडलं होतं, पेपरोमिया निरोगी होती, आणि नुकतीच मुळं धरलेली झाडं उपटून परत लावली की तुटलेली मुळं ओल्या मातीत कुजायला अजून एक कारण.

चौथा, जो घेतला: पाणी खालून बाहेर ओढायचं, आजारी आणि चुकीचं झाड काढायचं, बाकीचं जागेवर ठेवायचं.

काय केलं

बरणी गॅलरीत नेऊन उघडली, बुरशीचे कण खोलीत उडायला नकोत म्हणून, आणि ताईंना दम्याचा थोडा त्रास असल्याने त्यांनी मास्क लावला आणि हात मी घातला. बुरशी फुंकून उडवायची नाही आणि ब्रशने झटकायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा इचेवेरिया. ती काढायला ताई तयार नव्हत्या, वरून ती बरी दिसत होती. चिमट्याने हलवली तर बुंध्यापासून अलगद सुटून हातात आली, खाली काही उरलंच नव्हतं. पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाला मधे मधे पूर्ण कोरडं व्हावं लागतं आणि बंद बरणीत ते कधीच होत नाही, त्यामुळे ती इथे जगणारच नव्हती, पाणी कमी घातलं असतं तर थोडी उशिरा गेली असती इतकंच. वरची चार चांगली पानं काढून ताईंनी बाहेर कोरड्या मातीवर ठेवली. तिच्याभोवतीची दोन चमचे चिखल झालेली माती मी काढून टाकली.

मग फिटोनिया. जी लोळली होती तिची मऊ पानं छोट्या कात्रीने देठापासून कापून बाहेर. इथे मी एक चूक केली, ती पुढे सांगतो.

मग पाणी. ६० मिलीची सिरिंज आणि तिला फिश टँकची पातळ नळी. नळी काचेच्या कडेने, झाडं नसलेल्या बाजूला, काडीच्या मदतीने मातीतून खाली खड्यांपर्यंत नेली. बरणी त्या बाजूला थोडी कलती करून खाली पुस्तक दिलं, म्हणजे पाणी नळीकडे येतं. तीन वेळा ओढलं आणि थोडं उरलेलं, एकूण १९० मिली निघालं, चहासारखं तपकिरी. ताईंनी ते मापाच्या ग्लासात बघितलं आणि म्हणाल्या, "हे सगळं आत होतं?"

तेवढ्यावर माती सुकत नाही, कारण माती स्वतःत धरलेलं पाणी सोडत नाही, सिरिंजने फक्त सांडलेलं येतं. त्यासाठी पेपर टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळून वाती केल्या, इचेवेरियाच्या खड्ड्यात आणि कडेने दोन ठिकाणी खोचल्या, भिजल्या की बदलल्या. दोन दिवसांत वातींनी अजून साधारण ६० मिली ओढलं. काम कंटाळवाणं, पण तळापासून ओढणारं हेच होतं.

ओंडका बाहेर काढून घासला, २० मिनिटं उकळला. आणि मग तीन दिवस वाळू दिला. उकळलेलं लाकूड ओलं तसंच परत ठेवलं तर ते बरंच पाणी बरोबर घेऊन जातं आणि आपण काढलेल्यातलं बरंचसं परत आत, म्हणून वाळवणं सोडू नका.

पाच दिवस झाकण पूर्ण उघडं, स्प्रे नाही. मॉससाठी एवढीच सूट दिली की कडा कोरड्या वाटल्या तर ड्रॉपरने फक्त मॉसवर दोनतीन थेंब. बरणीचं वजन रोज सकाळी. दिवसाला १४ ग्रॅमच्या आसपास कमी होत गेलं.

स्प्रिंगटेल माझ्याकडच्या डब्यातून नेले. दीडदोन मिलीमीटरचे पांढरे जीव, बुरशी आणि कुजकं खातात, जिवंत पानाला हात लावत नाहीत. लोक सहसा डब्यात पाणी ओतून ते तरंगवून बरणीत ओततात. इथे तसं केलं असतं तर शंभर मिली परत आत, म्हणून डब्यातले कोळशाचे तुकडे बरणीवर धरून टिचकी मारली, वीसतीस खाली पडले, पुरे झाले. त्यांना सगळं कोरडं करून टाकलं तर ते मरतात, म्हणून झाकण बंद करायच्या वेळीच सोडले, आधी नाही.

तिसरा निर्णय: झाकण कधी आणि किती बंद करायचं

सगळ्यात अवघड मला हेच वाटतं, कारण कुठलाही ठराविक दिवस नसतो. आम्ही तीन गोष्टी एकत्र बघायच्या ठरवल्या. काडीचं फक्त खालचं टोक ओलसर यावं आणि टपकू नये. मातीची चिमूट दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. आणि काचेतून बघितलं तर वरची माती खालच्या मातीपेक्षा किंचित फिकी दिसावी.

सहाव्या दिवशी तिन्ही जुळलं. मी झाकणाखाली एक जाड काडी देऊन ३ मिलीमीटरची फट ठेवायला सांगितली, एकदम बंद नको म्हणून. आणि इथून दुसरा घोळ झाला. फट मी दहा दिवस ठेवा म्हटलं, आणि ते जास्त झालं. आठव्या दिवशी मॉसच्या कडा तपकिरी झाल्या, ताई घाबरल्या, त्यांनी मला न विचारता संध्याकाळी सगळीकडे स्प्रे केला आणि झाकण बंद केलं. रात्रभर पानं ओली. तीन दिवसांनी लोळलेल्या फिटोनियाच्या उरलेल्या खोडावर करडी बुरशी परत.

त्यांना दोष देत नाही. मॉस मरताना दिसत असेल तर कोणीही पाणी देईल. मी त्यांना फट किती दिवस ठेवायची ते सांगितलं पण कशावरून बंद करायची ते सांगितलं नाही. काच दुपारी साफ असायला लागली तिसऱ्या दिवशीच, तेव्हाच काडी काढायला हवी होती.

मग ती फिटोनिया मुळासकट काढली. मुळं हातात घेतली तर तपकिरी, दाबली की वरचं साल निघून आतला दोरा उरतो अशी. पहिल्याच दिवशी पानं कापण्याऐवजी हलकं ओढून मुळं बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं आणि दुसऱ्यांदा बुरशी आलीच नसती, हीच ती चूक. तिची शेंड्याची दोन चांगली टोकं पाण्यात ठेवली, दोन आठवड्यांत मुळं फुटली, त्यातलं एक बरणीत परत लावलं.

इचेवेरियाच्या जागी काय लावायचं यावर ताईंना अजून एक फुलणारं झाड हवं होतं. मी सेलाजिनेला सुचवली, नेच्यासारखं दिसणारं बिनफुलाचं झाड. दमट हवा तिला हवीच असते, मुळं उथळ, आणि वाढ जमिनीलगत, त्यामुळे पानं काचेला चिकटून ओली राहत नाहीत. बंद बरणीत फुलाचं झाड मी टाळतोच, पाकळी गळून ओल्या मातीवर पडली की करड्या बुरशीला त्याहून आवडतं काही नाही.

काय झालं शेवटी

आता तीन महिने होत आलेत. सकाळी खिडकीकडच्या काचेवर खालच्या एक तृतीयांश भागात धुकं असतं, अकराच्या सुमाराला साफ. ओंडक्यावर पांढरी बुरशी परत एकदा, दुसऱ्या आठवड्यात, छोटी दिसली, आम्ही तिला हात लावला नाही, दहा दिवसांत स्प्रिंगटेलनी संपवली. पेपरोमिया छान, उरलेली फिटोनिया छान, कटिंगवाली हळू. मॉसचा एक भाग तपकिरीच राहिला, मधून कोंब दिसतायत, पण तो पूर्ण भरेल असं मी सांगू शकत नाही.

वजनाची सवय मात्र ताईंनी सोडली नाही आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. सगळं जुळलं त्या दिवसाचं वजन त्यांनी झाकणासकट काढून बरणीखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. झाकण बंद असताना आठवड्याला एकदोन ग्रॅम कमी होतात. त्या आकड्यापेक्षा १५ ग्रॅम कमी झालं आणि सकाळचं धुकंही दिसेनासं झालं, तरच १५ मिली पाणी, स्प्रेने नाही तर ड्रॉपरने काचेच्या कडेने मातीत, सकाळी. आत्तापर्यंत एकदाच द्यावं लागलंय. पान कापलं किंवा नवं लावलं की वजन बदलतं, तेव्हा चिठ्ठीवरचा आकडाही बदलायचा, नाहीतर फिगची छाटणी केली म्हणून पाणी घालून बसाल.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच, लावताना, अर्ध्या लिटरऐवजी ३० मिली घालून एक दिवस थांबायचं, माती कुठपर्यंत भिजली ते काचेतून बघायचं आणि मग पुढचे ३०. ओलसर कोकोपीट असेल तर दोनतीनदा घातलं की बहुतेक पुरतं. पाणी घालायला एक मिनिट लागतं आणि काढायला आम्हाला आठवडा लागला.

मातीत निम्मं कंपोस्ट हेही जास्तच होतं. बंद बरणीतल्या झाडांना इतकं खाद्य नको असतं, बुरशीला मात्र ते चालतं. पुढच्या वेळी मी कोकोपीटमधे जाड वाळू किंवा परलाइट आणि सालींचे तुकडे घेईन, कंपोस्ट फार तर मूठभर. स्प्रिंगटेल पहिल्या दिवशीच, आणि लाकूड उकळून वाळवल्याशिवाय आत नाही.

आणि मला अजून एका गोष्टीबद्दल खात्री नाही, ती म्हणजे क्रीपिंग फिग ठेवायचं का. ते इतकं खूश आहे की दर पंधरा दिवसांनी काचेवरून खाली ओढून छाटावं लागतंय, आणि छाटताना एखाददुसरं पान आत पडतंच, फिटोनियाच्या मागे, जिथे चिमटा पोचत नाही. गेल्या रविवारी ताईंनी असंच एक पान काळं पडलेलं शोधून काढलं, त्यावर करडी लव नुकती सुरू झाली होती. त्यांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "काढलं, स्प्रे नाही केला."